न सांगता केलेली दुरुस्ती : ब्राउझर एचटीएमएलचं झाड कसं बांधतो

आजचा विषय मी माझ्याच एका चुकीपासून सुरू करतो. काही वर्षांपूर्वी बंगळुरूतल्या एका छोट्या दवाखान्याचं संकेतस्थळ मी करून दिलं होतं. एका बुधवारी तिथून फोन आला. ‘अहो, काल डोळ्यांच्या डॉक्टरांकडे कुणी आलंच नाही. लोक म्हणतात, तुमच्याच साइटवर लिहिलंय की मंगळवारी दवाखाना बंद.’ मी पान उघडलं, तर वेळापत्रकाच्या डोक्यावर ठसठशीत लिहिलेलं, ‘मंगळवारी बंद’. खरं तर मंगळवारी फक्त हाडांचे डॉक्टर येत नव्हते, आणि मी ते त्यांच्याच ओळीखाली लिहिलं होतं. मी लिहिलेला मजकूर हा असा होता:

```html
<table>
  <tr><td>हाडांचे डॉक्टर</td><td>सकाळी १०</td></tr>
  मंगळवारी बंद
  <tr><td>डोळ्यांचे डॉक्टर</td><td>दुपारी ४</td></tr>
</table>
```

फाईलमध्ये ओळ मधोमध आहे, पडद्यावर मात्र ती सगळ्यांत वर. ती कुणी हलवली? ब्राउझरने. कुठेही लाल अक्षर नाही, सूचना नाही. हे का झालं ते समजून घ्यायला ब्राउझर एचटीएमएल वाचतो कसा, ते पाहायला हवं.

आपली फाईल म्हणजे ब्राउझरच्या दृष्टीने अक्षरांची एक लांबलचक माळ. तो आधी तिचे तुकडे पाडतो: हा उघडणारा टॅग, हा मजकूर, हा बंद करणारा टॅग. मग एकेक तुकडा घेऊन तो झाड बांधत जातो. त्यासाठी तो एक चळत सांभाळतो, ताटांची असते तशी. टॅग उघडला की एक ताट वर ठेवायचं, बंद झाला की उचलायचं. नवीन काही आलं की ते सर्वांत वरच्या ताटाचं मूल होतं. सगळं नीट लिहिलेलं असेल, तर काम इतकंच.

आता माझं वेळापत्रक या चळतीतून नेऊ. `<table>` आला तेव्हा चळतीत `html`, `body` आणि त्यावर `table`. पुढे आला `<tr>`. नियमाप्रमाणे ओळ थेट तक्त्यात राहत नाही, ती `tbody`मध्ये राहते. मी तो लिहिलाच नव्हता, म्हणून ब्राउझरने स्वतः एक `tbody` बनवून चळतीवर ठेवला आणि मग त्यात ओळ घातली. ही पहिली मुकी दुरुस्ती. सीएसएसमध्ये `table > tr` असं लिहिलं की काहीच लागू का होत नाही, याचं उत्तर इथे आहे: झाडात या दोघांच्या मध्ये `tbody` बसलेला असतो.

पहिली ओळ संपली. चळतीत वर आता `tbody` आहे, आणि समोर आले शब्द, ‘मंगळवारी बंद’. खानं नाही, ओळ नाही, नुसता मजकूर. तक्त्यात त्याला जागा नाही. पण ब्राउझर मजकूर फेकून देत नाही. तो त्याला उचलतो आणि तक्त्याच्या पालकात, तक्त्याच्या अगदी आधी नेऊन ठेवतो. पुढची ओळ आली की `tbody` अजून उघडाच आहे, त्यामुळे तक्ता जणू काही झालंच नाही असा पुढे चालू राहतो. तयार झालं ते झाड असं:

```text
body
├─ "मंगळवारी बंद"
└─ table
   └─ tbody
      ├─ tr  (हाडांचे डॉक्टर)
      └─ tr  (डोळ्यांचे डॉक्टर)
```

या नियमाचं नाव आहे फॉस्टर पॅरेंटिंग. स्वतःच्या घरात जागा नसलेल्या लेकराला दुसऱ्याच्या घरी सांभाळायला देतात, तसं. ते वाक्य मी तक्त्याच्या अगदी शेवटच्या ओळीनंतर लिहिलं असतं, तरी ते वरच गेलं असतं. मजकूर वाचला, पण तो कुणाबद्दल होता ते हरवलं.

आता दुसरी नेहमीची चूक, एकमेकांत अडकलेले टॅग. समजा मी असं लिहिलं:

```html
<b>एक<i>दोन</b>तीन</i>
```

`</b>` येतो तेव्हा चळतीत `b`च्या वर `i` बसलेला आहे. खालचं ताट काढायचं तर वरचं आधी उचलावं लागणार, म्हणून दोन्ही उचलली जातात. पण ब्राउझरकडे एक वेगळी यादीही असते: `b`, `i` यांसारखे अक्षरांचं रूप बदलणारे कुठले टॅग अजून रीतसर बंद झालेले नाहीत, याची. त्या यादीत `i` शिल्लक आहे. म्हणून ‘तीन’ हा शब्द येताच तो एक नवा `i` बनवतो आणि शब्द त्यात घालतो. झाडात शेवटी हे उरतं:

```html
<b>एक<i>दोन</i></b><i>तीन</i>
```

मी एकच `i` लिहिला होता, झाडात दोन आहेत. एखाद्या परिच्छेदात `</b>` विसरलं की खालचं सगळं पान ठळक होतं, हे तुम्ही पाहिलं असेल. तेही याच यादीमुळे. `</p>` आला की चळतीतून `b` जातो, पण यादीतून जात नाही. मग पुढचा मजकूर आला की तो नव्याने उभा राहतो.

तुम्ही म्हणाल, एवढे लाड कशाला? चूक दिसली की सरळ थांबावं. एक्सएमएलच्या नियमांनी वाचलेलं पान तसंच वागतं, एक टॅग चुकला की पानाऐवजी चुकीचा संदेश. पण वेबवर तोवर चुकांसकट लिहिलेली असंख्य पानं होती आणि लोकांना ती वाचायची होती. ब्राउझर दुरुस्ती करत, पण प्रत्येकाची तऱ्हा निराळी, म्हणून एकच पान दोन ठिकाणी दोन प्रकारे दिसे. २००४ साली ॲपल, मोझिला आणि ऑपेरामधल्या मंडळींनी डब्ल्यूएचएटीडब्ल्यूजी हा गट काढला. एचटीएमएल ५ च्या प्रमाणग्रंथात चुकलेल्या टॅगचं काय करायचं, हेही पायरीपायरीने लिहिलं गेलं. आज माझं वेळापत्रक क्रोम आणि फायरफॉक्स, दोन्हींत अगदी सारखंच चुकतं!

म्हणजे ब्राउझर तुमच्या मनातलं ओळखत नाही, तो ठरलेला नियम लावतो. दुरुस्ती झाडाची होते, अर्थाची नाही.

मग चूक पकडायची कशी? `Ctrl+U` दाबलंत की तुम्ही पाठवलेली मूळ फाईल दिसते. उजवी टिचकी देऊन `Inspect` उघडलंत की बांधलेलं झाड दिसतं. दोन्ही शेजारी ठेवा. न लिहिलेलं काही झाडात दिसलं, किंवा लिहिलेलं दुसऱ्या जागी दिसलं, तर तिथे दुरुस्ती झाली आहे. काही दुरुस्त्या निर्धोक असतात. `tbody` न लिहिणं ही तर नियमानेच दिलेली सवलत आहे, तशीच `</li>` गाळण्याचीही. पण जागा बदललेला मजकूर दिसला की थांबा. फायरफॉक्सच्या मूळ फाईलच्या दृश्यात पुष्कळ चुका लाल रंगात दिसतात, आणि `validator.w3.org` वर पान दिलं तर ओळ क्रमांकासह यादी मिळते.

मी काय केलं? ‘मंगळवारी बंद’ हे शब्द उचलून हाडांच्या डॉक्टरांच्या वेळेच्या खान्यात ठेवले: `<td>सकाळी १०, मंगळवारी बंद</td>`. दोन मिनिटांचं काम. पण त्या मंगळवारी डोळे दाखवायचे राहिलेल्या लोकांना पुढच्या वेळेपर्यंत थांबावं लागलं. तेव्हापासून पान ‘दिसतंय बरोबर’ म्हणून मी सोडत नाही, एकदा झाड उघडून बघतो. तुम्हीही आज तुमचं एखादं जुनं पान घ्या, दोन्ही खिडक्या शेजारी लावा आणि काय हललंय ते मला कळवा. भेटू पुढच्या भागात.