प्रत्येक x साठी: असमानता आणि किमान किंमत

बीजगणितातल्या काही प्रश्नांत असमानता सोडवायची नसते, ती टिकवायची असते. x² − 5x + 6 ≥ 0 ही असमानता सोडवा असे म्हटले, की कोणत्या x साठी ती खरी आहे ते शोधले जाते. पण राशीत x बरोबर a हे आणखी एक अक्षर असेल आणि 0 ते 3 या अंतरालातल्या प्रत्येक x साठी असमानता खरी ठरावी अशी अट असेल, तर प्रश्न उलटतो. आता x आपण निवडायचा नाही, त्या अंतरालातला कोणताही x समोर येऊ शकतो. निवड फक्त a ची असते, आणि एकदा निवडलेल्या a ने सगळ्या x ना पुरे पडायचे असते.

0 आणि 3 यांच्या दरम्यान असंख्य संख्या आहेत, म्हणजे अटीही असंख्य झाल्या. त्या एकेक करून तपासता येत नाहीत आणि तपासण्याची गरजही नसते. वर्गात सर्वांत कमी गुण मिळवणाऱ्याला 35 गुण असतील, तर सगळा वर्ग उत्तीर्ण आहे हे सांगायला बाकीच्या उत्तरपत्रिका उघडाव्या लागत नाहीत. तसेच इथे आहे. अंतरालात राशीची जी सर्वांत लहान किंमत असेल, ती शून्य किंवा शून्याहून मोठी असली की बाकीच्या सगळ्या किमती आपोआप तशाच असतात. उलट, ती ऋण असेल तर ज्या x पाशी ती मिळते तिथे असमानता मोडलेलीच असते. त्यामुळे ‘प्रत्येक x साठी’ ही अट आणि ‘किमान किंमत ऋण नाही’ ही अट यांचा अर्थ तंतोतंत एकच आहे. एकीतून दुसरी निघते आणि दुसरीतून पहिली. म्हणूनच किमान किमतीवरून काढलेल्या उत्तरात a ची एकही किंमत सुटत नाही आणि एकही जास्तीची शिरत नाही.

हे एका उदाहरणात पूर्ण पाहता येईल. 0 ≤ x ≤ 3 मधल्या प्रत्येक x साठी

x² − 2ax + a + 2 ≥ 0

खरे ठरावे, तर a च्या कोणत्या किमती चालतील?

पहिले काम राशीला पूर्ण वर्गाच्या रूपात आणण्याचे. x² − 2ax मध्ये a² मिळवून तेवढेच वजा केले, तर राशी (x − a)² + 2 + a − a² अशी दिसते. या मांडणीत x फक्त एकाच ठिकाणी, वर्गाच्या आत उरतो. (x − a)² हा x आणि a यांच्यातल्या अंतराचा वर्ग आहे. तेव्हा राशी लहानात लहान कुठे होते, या प्रश्नाचे उत्तर अगदी साधे आहे: अंतरालातला जो x हा a च्या सर्वांत जवळ असेल, तिथे. आलेखाच्या भाषेत a हा अन्वस्ताच्या म्हणजे पॅराबोलाच्या शिरोबिंदूचा x-निर्देशक आहे, आणि पुढचा सगळा विचार हा शिरोबिंदू अंतरालाच्या आत पडतो की बाहेर, यावर अवलंबून आहे.

a ऋण असेल, तर शिरोबिंदू अंतरालाच्या डावीकडे राहतो. अंतरालातला त्याच्या सर्वांत जवळचा x म्हणजे 0, आणि तिथे राशीची किंमत a + 2 आहे. ती ऋण नसावी, म्हणून a ≥ −2. हा निष्कर्ष a ऋण आहे असे धरून काढला असल्यामुळे इथून −2 ≤ a < 0 एवढाच तुकडा हाती येतो.

a हा 0 ते 3 यांच्या दरम्यान असेल, तर x = a हे बिंदूच अंतरालात आहे. वर्ग शून्य होतो आणि किमान किंमत 2 + a − a² उरते. तिचे अवयव (2 − a)(1 + a) असे पडतात. या टप्प्यात a ऋण नाही, म्हणून दुसरा अवयव नेहमी धन असतो, आणि अट 2 − a ≥ 0 एवढीच राहते. मिळालेला तुकडा: 0 ≤ a ≤ 2.

a हा 3 हून मोठा असेल, तर सर्वांत जवळचा x म्हणजे 3. तिथली किंमत 9 − 6a + a + 2, म्हणजे 11 − 5a. ती ऋण नसावी यासाठी a हा 2.2 किंवा त्याहून लहान हवा. पण इथे a हा 3 हून मोठा धरलेला आहे. दोन्ही एकदम शक्य नाही, म्हणून या टप्प्यातून काहीच मिळत नाही.

प्रत्येक टप्प्यात दोन अटींचा सामाईक भाग घ्यायचा आणि शेवटी तिन्ही टप्प्यांतले तुकडे एकत्र करायचे. उत्तर येते −2 ≤ a ≤ 2.

याच प्रश्नाला दोन झटपट वाटा आहेत. दोन्ही चुकतात, पण विरुद्ध दिशांना. पहिली वाट विवेचकाची. वर्गराशी कधीच ऋण होऊ नये यासाठी विवेचक शून्य किंवा ऋण असावा, हे शाळेत पक्के झालेले असते. इथे त्यावरून a² − a − 2 ≤ 0, म्हणजे −1 ≤ a ≤ 2 असे उत्तर मिळते. पण विवेचक सगळ्या संख्यारेषेचा हिशेब करतो, आणि प्रश्न तर फक्त 0 ते 3 चा आहे. a = −1.5 घेऊन पाहावे. राशी x² + 3x + 0.5 होते, विवेचक 7 येतो, म्हणजे अन्वस्त x-अक्षाला दोन ठिकाणी छेदतो. मात्र ती दोन्ही ठिकाणे शून्याच्या डावीकडे आहेत. x ऋण नसेल तर या राशीतले प्रत्येक पद ऋण नसते आणि 0.5 तर शिल्लक राहतेच, म्हणजे अंतरालात असमानतेला धक्काही लागत नाही. विवेचकाने −2 पासून −1 पर्यंतचा चांगला भाग विनाकारण वगळला.

दुसरी वाट फक्त दोन टोके तपासण्याची. x = 0 वर a + 2 ≥ 0 आणि x = 3 वर 11 − 5a ≥ 0 घेतले की −2 ≤ a ≤ 2.2 मिळते. इथे उलट थोडा भाग जास्तीचा आला आहे. a = 2.1 घेतला तर एका टोकाला किंमत 4.1 आहे, दुसऱ्या टोकाला 0.5 आहे, दोन्ही धन. पण x = 2.1 वर किंमत −0.31 होते. आलेख मध्येच अक्षाखाली बुडी मारून वर येतो आणि टोकांना त्याचा पत्ताही नसतो. वरच्या दिशेने उघडणाऱ्या अन्वस्ताच्या बाबतीत हे कायमच संभवते. टोके पुरतात ती राशी सरळ रेषेची असेल किंवा अन्वस्त खालच्या दिशेने उघडत असेल तेव्हा, कारण मग किमान किंमत टोकावरच असते.

उत्तर बरोबर आहे का, हे पडताळायला a ला x पासून वेगळे काढून पाहता येते. मूळ असमानता a(2x − 1) ≤ x² + 2 अशी लिहिता येते. आता 2x − 1 ने भागायचे, पण इथेच सांभाळायला हवे, कारण x = 1/2 च्या अलीकडे हा भाजक ऋण आहे आणि ऋण संख्येने भागले की असमानतेचे चिन्ह उलटते. प्रत्यक्ष x = 1/2 वर डावी बाजू शून्य होते आणि a वर कोणतेही बंधन येत नाही. x त्याहून मोठा असेल तर a हा (x² + 2)/(2x − 1) या अपूर्णांकाच्या किमान किमतीहून मोठा असता कामा नये; ती किंमत x = 2 वर मिळते आणि 2 आहे. x लहान असेल तर a हा त्याच अपूर्णांकाच्या कमाल किमतीहून लहान असता कामा नये; ती x = 0 वर मिळते आणि −2 आहे. म्हणजे पुन्हा −2 ≤ a ≤ 2. या रीतीत a चे टप्पे पाडावे लागत नाहीत, पण x चे पाडावे लागतात. काम फारसे वाचत नाही. मात्र वेगळ्या वाटेने तेच उत्तर आले की खात्री पटते.

प्रश्नात ≥ ऐवजी > असेल तर? अंतराल 0 आणि 3 ही टोके धरून असेल, तर किमान किंमत शून्याहून मोठीच हवी, आणि उत्तर −2 < a < 2 होते. पण टोके वगळलेली असतील, म्हणजे 0 < x < 3 एवढेच म्हटले असेल, तर बारीक फरक पडतो. a = −2 साठी राशी x² + 4x आहे. ती शून्य होते फक्त x = 0 वर, आणि तो x आता अंतरालात नाही. तेव्हा −2 चालतो. a = 2 साठी मात्र राशी (x − 2)² आहे, ती x = 2 वर शून्य होते आणि 2 अंतरालाच्या आतच आहे. तेव्हा 2 चालत नाही. उत्तर एका बाजूने बंद आणि दुसऱ्या बाजूने खुले, −2 ≤ a < 2 असे येते.

या फरकामागे एक प्रमेय आहे, जर्मन गणिती कार्ल वायरश्ट्रास यांच्या नावाने ओळखले जाणारे. दोन्ही टोके धरलेल्या मर्यादित अंतरालावर राशी सलग असेल, म्हणजे तिचा आलेख कुठे तुटत नसेल, तर तिची किमान किंमत अंतरालातल्या कोणत्या तरी x वर प्रत्यक्ष मिळतेच. टोक गळले की ही हमी जाते. x² + 4x ही राशी खुल्या अंतरालात शून्याच्या हवी तेवढी जवळ जाते, पण शून्य होत नाही; किमान किंमत तिथे नाहीच, फक्त खालची सीमा आहे. अशा वेळी ती सीमा शून्य आली तरी > टिकू शकते, आणि हे टोकाशी जाऊन वेगळे पाहावे लागते.

राशी वर्गाची नसेल तर पूर्ण वर्गाची युक्ती संपते आणि विकलज लागतो. अंतरालाच्या आत किमान किंमत असेल आणि तिथे विकलज अस्तित्वात असेल, तर तो शून्य असतो. म्हणून असे बिंदू आणि दोन्ही टोके एवढ्यांच्याच किमती काढून त्यांतली लहानात लहान निवडायची. 0 ≤ x ≤ 2 मध्ये x³ − 3x + k ≥ 0 हवे असेल, तर विकलज 3x² − 3 हा अंतरालात x = 1 वर शून्य होतो. तिथे किंमत k − 2, डाव्या टोकाला k, उजव्या टोकाला k + 2. म्हणून k ≥ 2.

आता डावे टोक हळूहळू मागे सरकवले तर काही काळ काहीच बदलत नाही. x = −1 वरही विकलज शून्य आहे, पण ते आलेखाचे शिखर आहे, दरी नव्हे; तिथे किंमत k + 2 आहे. त्यापलीकडे आलेख डावीकडे उतरू लागतो आणि x = −2 वर पुन्हा k − 2 ला येतो. तोवर उत्तर k ≥ 2 हेच राहते. टोक −2 च्या मागे गेले की किमान किंमत x = 1 सोडून डाव्या टोकावर जाऊन बसते: −3 पर्यंत गेल्यास ती k − 18 होते आणि k ≥ 18 लागतो. टोकच काढून टाकले आणि x ला डावीकडे मोकळे सोडले, तर किमान किंमत उरत नाही, आणि मग कोणताही k पुरत नाही.