एकच नाका, दोन कपाती

पुण्याहून साताऱ्याला निघालेल्या एका मोटारीचं उदाहरण घेऊ. रात्री मालकाने फास्टॅगचं स्टेटमेंट उघडलं, तर एकाच टोलनाक्यासमोर दोन कपाती. पहिला संशय साहजिकच दुहेरी वसुलीचा!

पण स्टेटमेंटमध्ये बहुतेक वेळा दोन वेळा असतात: टॅग नाक्यावर वाचला गेला ती, आणि खात्यातून पैसे वळते झाले ती. तक्रारीपूर्वी पहिली पाहायची. एक नोंद सकाळी ९.१० ची आणि दुसरी संध्याकाळी ६.४० ची असेल, तर दुसरी परतीची. दोन्ही ९.१० आणि ९.१२ च्या असतील, तर गाडी दोन मिनिटांत नाका दोनदा ओलांडू शकत नाही. मग टॅग देणाऱ्या बँकेकडे दोन्ही व्यवहार क्रमांकांसह तक्रार नोंदवायची. राष्ट्रीय महामार्गासाठी १०३३ हा मदत क्रमांकही आहे.

उशिरा वळते होणारे पैसे शिल्लकही फसवी दाखवतात. कालचा टोल आज वजा होतो आणि पुरेशी वाटलेली रक्कम अचानक कमी पडते.

रांगेत उभं राहून रिचार्ज केलं, तरी टॅग लगेच सुरू होईलच असं नाही. स्टेटमेंटमध्ये रक्कम जमा दिसते, नाक्याच्या यंत्रणेला मात्र टॅग अजून बंदच दिसतो. नोव्हेंबर २०२५ मध्ये राष्ट्रीय महामार्गावर अशा वेळी रोखीने दुप्पट, तर यूपीआयने सव्वापट टोल भरण्याचा नियम लागू झाला. ती पावती जपून ठेवायची. त्याच फेरीचा टोल नंतर टॅगमधूनही कापला गेला, तर तक्रारीत तोच पुरावा.