पाचचं बटण फोनला कसं कळतं?

बँकेच्या हेल्पलाइनवर ‘पाच दाबा’ म्हटल्यावर आपण बटण दाबतो, तेव्हा एकाच वेळी दोन सूर निघतात: ७७० आणि १३३६ हर्ट्झचे. पलीकडे सेकंदाला ८००० वेळा मोजलेले नुसते आकडे पोचतात. त्यातून सूर शोधायची युक्ती मला फार देखणी वाटते.

समजा, ७७० हर्ट्झ आहे का ते पाहायचंय. तेवढ्याच कंपनाची साइन लहर घ्यायची, आलेला प्रत्येक आकडा तिच्या त्या क्षणीच्या किमतीने गुणायचा आणि सगळ्यांची बेरीज करायची. सूर जुळला, तर दोन्ही लहरी एकत्र वर जातात, एकत्र खाली येतात; उणे गुणिले उणेही अधिकच, म्हणून बेरीज फुगत जाते. कंपन वेगळं असेल, तर अधिक-उणे एकमेकांना खाऊन टाकतात.

पण सूर पाव आवर्तन पुढेमागे सुरू झाला, तर जुळूनही बेरीज शून्याजवळ येते. म्हणून कोसाइननेही तसंच गुणायचं आणि दोन्ही बेरजांचे वर्ग मिळवायचे. मग सुरुवात कुठूनही होवो, सूर निसटत नाही.

आकडे मात्र पुरेसे हवेत. २०५ घेतले, तर सुमारे ३९ हर्ट्झचा फरक ओळखता येतो. पन्नासच घेतले, तर शेजारचा ६९७ हर्ट्झचा सूरही ७७०च्या बेरजेत मिसळतो आणि पाचाऐवजी दोन ऐकू आल्याचा घोळ होऊ शकतो.