थर्माकोल वेष्टनाचे घनीकरण व पुनर्वापर : संकलनाच्या परिमाणाचा प्रश्न

थर्माकोल म्हणजे वस्तुतः पॉलिस्टायरिन या प्लॅस्टिकचा फुगवलेला प्रकार होय. पॉलिस्टायरिनच्या बारीक मण्यांत पेंटेन मुरवलेले असते. वाफ दिली असता मणी फुगतात आणि साच्यात एकमेकांस चिकटतात. तयार ठोकळ्याच्या आकारमानाचा सुमारे ९८ टक्के भाग हवेचा असतो. भरीव पॉलिस्टायरिनचे एक घनमीटर सुमारे १०५० किलो भरते, तर वेष्टनाच्या थर्माकोलचे साधारणतः १५ ते ३० किलो. दूरदर्शन संच वा शीतकपाट यांच्या खोक्यांतील वेडेवाकडे तुकडे वाहनात टाकले की त्यांच्यामध्ये पुन्हा पोकळ्या राहतात व हा आकडा दहा किलोच्या आसपास येतो. या पदार्थाच्या पुनर्वापरातील मुख्य अडचण रासायनिक नसून वाहतुकीची आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

महाराष्ट्र शासनाने मार्च २०१८ मध्ये थर्माकोलच्या ताटवाट्या व सजावटीचे साहित्य यांवर बंदी घातली. तथापि विद्युत उपकरणांभोवतीचे वेष्टन येतच राहते, आणि पुनर्वापरास तेच सर्वांत योग्य आहे. कारण ते कोरडे, पांढरे व अन्नाचा स्पर्श न झालेले असते.

घनीकरण यंत्रात प्रथम दातेरी रूळ ठोकळ्यांचे तुकडे करतात. पुढे मळसूत्री दांडा हे तुकडे अरुंद नळीतून दाबून बाहेर ढकलतो. घर्षणाने निर्माण होणारी ऊब मण्यांतील हवा घालविण्यास पुरेशी ठरते व घनमीटरास सुमारे ३०० किलो भरणारा ठोकळा मिळतो. दुसऱ्या प्रकारात माल वितळवितात. त्यात ठोकळा अधिक घन होतो; परंतु उष्णता जास्त झाल्यास पॉलिस्टायरिनच्या साखळ्या तुटतात. तो पिवळसर-तपकिरी पडतो, त्यास उग्र वास येतो आणि खरेदीदार भाव पाडतो. याउलट दाब कमी पडलेला ठोकळा हाताळताना भुगा होऊन सांडतो. चांगला ठोकळा मोडून पाहिला असता आत पांढरा दिसतो व चपट्या मण्यांच्या पुसट कडा ओळखू येतात.

चिकटपट्टी व कागदी चिठ्ठ्या आधीच काढाव्या लागतात. त्याहून फसवा पदार्थ म्हणजे पॉलिएथिलिनचा पांढरा फोम. तो वाकविला तर परत सरळ होतो, थर्माकोल मात्र कट्कन तुटून मणी सुटतात. हा फोम मिसळला गेल्यास पॉलिस्टायरिनशी एकजीव होत नाही व पुढील माल ठिसूळ निघतो. शुद्ध ठोकळे दळून, वितळवून त्यांचे दाणे करतात आणि त्यांपासून छायाचित्रांच्या चौकटींच्या पट्ट्या, कपड्यांचे हँगर इत्यादी वस्तू होतात.

आता हिशेबाकडे वळू. पुढील रकमा केवळ उदाहरणादाखल गृहीत धरल्या आहेत. १४ घनमीटर हौद्याच्या ट्रकमध्ये सुटे थर्माकोल जेमतेम १४० किलो मावते. ठोकळे मात्र चार टनांच्या आसपास. खेपेचे भाडे २५०० रुपये धरल्यास सुट्या मालावर किलोमागे सुमारे १८ रुपये पडतात. वीज व किरकोळ खर्च चार रुपये आणि ठोकळ्यांचा भाव ४० रुपये मानला, तर किलोमागे १८ रुपये उरतात. हप्ता, जागाभाडे व दोन कामगारांचे वेतन मिळून महिन्याचा स्थिर खर्च ६०,००० रुपये असल्यास तो भरून येण्यास सुमारे ३,३०० किलो, म्हणजे भरगच्च २४ खेपा हव्यात. ताशी ५० किलो दाबणारे यंत्र हे काम आठ-नऊ दिवसांत उरकते. उरलेले दिवस ते मालाची वाट पाहत उभे असते.

ट्रक अर्धा रिकामा आला तर वाहतूकखर्च ३६ रुपयांवर जातो आणि किलोमागे काहीच उरत नाही. मग कितीही खेपा केल्या तरी स्थिर खर्चातील एक रुपयाही वसूल होत नाही. म्हणूनच दारोदार फिरून थर्माकोल गोळा करण्याची योजना, हेतू कितीही चांगला असला तरी, सहसा फसते. एका शीतकपाटाचे वेष्टन एक किलो धरले तरी महिन्याला ३,३०० शीतकपाटे लागतील. एवढी कोणत्याही एका वसाहतीत विकली जात नाहीत.

विक्रेत्याच्या गोदामाचे गणित निराळे आहे. उपकरण घरी पोहोचविणारे वाहन परतताना रिकामेच असते. त्यातून वेष्टन परत आणल्यास आणि यंत्र गोदामातच बसविल्यास सुट्या मालाची वेगळी वाहतूक जवळजवळ संपते. किलोमागे ३६ रुपये उरतात व सुमारे १,६७० किलोंतच खर्च भरून येतो.

खनिज तेलाबरोबर नव्या पॉलिस्टायरिनचे भाव घसरले की ठोकळ्यांचेही घसरतात. हा भाव ४० वरून ३० रुपयांवर आला, तर भरगच्च ट्रकवर चालणाऱ्या केंद्रास महिन्याला ७,५०० किलो माल लागेल. गोदामातील यंत्रास २,३०० किलो पुरेल.