गर्भाशयमुखाचा टाका : कळांशिवाय होणारे गर्भपात

गर्भारपणाच्या मधल्या काळात, साधारणपणे १६ ते २४ आठवड्यांच्या दरम्यान, काही स्त्रियांचे गर्भाशयमुख कळा न येताच उघडू लागते. पोटात दुखत नाही, रक्तस्राव होत नाही, सोनोग्राफीत बाळ व्यवस्थित वाढताना दिसते. ओटीपोटात जडपणा वाटतो, कंबर भरून येते, अंगावरून जाणारा स्राव वाढतो. निरोगी गर्भारपणातही अशा तक्रारी इतक्या सर्रास असतात, की त्यांच्याकडे कोणी फारसे लक्ष देत नाही. तपासणी होते तेव्हा मुख तीन-चार सेंटिमीटर उघडलेले असते आणि पाणमोट योनीत उतरलेली दिसते. मग पाणमोट फुटते, थोड्याशा कळा येतात आणि बाळ बाहेर पडते. त्याच्या हृदयाचे ठोके अनेकदा चालू असतात, पण त्याची फुप्फुसे बाहेरच्या जगासाठी तयार झालेली नसतात. पुढच्या खेपेला पुन्हा तेच घडते, कधीकधी आधीपेक्षाही लवकर. वैद्यकात याला गर्भाशयमुखाची अक्षमता म्हणतात. घरोघरी ‘पिशवीचं तोंड सैल आहे’ असे सांगितले जाते.

गर्भाशयाचा वरचा भाग मुख्यतः स्नायूंचा असतो, तर गर्भाशयमुख बहुतांशी कोलॅजेनच्या चिवट धाग्यांनी बनलेले असते. गर्भारपणाच्या मध्यावर त्याची लांबी साधारण ३५ ते ४० मिलिमीटर असते. वाढणारे बाळ, वार आणि गर्भजल यांचा भार त्यावर येत असतो, आणि प्रसूतीचे दिवस भरत येईपर्यंत हे धागे तो भार सहन करतात. काही स्त्रियांमध्ये हे धागे जन्मतःच कमजोर असतात किंवा गर्भाशयाची घडणच वेगळी असते. इतरांमध्ये मुखाला इजा झालेली असते: कर्करोगपूर्व बदलांसाठी मुखाचा शंकूसारखा तुकडा कापून काढलेला असतो, आधीच्या बाळंतपणात मुख खोल फाटलेले असते, किंवा पिशवी साफ करताना ते जबरदस्तीने रुंद केलेले असते. अनेकींच्या बाबतीत मात्र कोणतेही कारण सापडत नाही.

दिवस राहण्याआधी ही अक्षमता खात्रीने सांगणारी एकही चाचणी नाही. पूर्वी ८ क्रमांकाची धातूची सळई मुखातून सहज आत जाते का, हे पाहून निदान करत. ती पद्धत आता विश्वासार्ह मानली जात नाही. निदान उरते ते आधीच्या गर्भपाताच्या हकिकतीवर, आणि ती हकिकत बारकाईने विचारावी लागते. आधी काय झाले, हा त्यातला कळीचा प्रश्न. आधी भरपूर रक्त गेले असेल, तर वार सुटल्याचा संशय येतो. आधी ताप आला असेल आणि स्रावाला दुर्गंधी असेल, तर जंतुसंसर्गाचा. बाळ पोटातच दगावून काही दिवसांनी बाहेर आले असेल, तर दोष मुखाचा नव्हे. तासन्तास जोराच्या कळा येऊन मग मुख उघडले असेल, तर ती अकाली प्रसूती. पहिल्या तीन महिन्यांतले गर्भपात तर वेगळ्याच जातीचे. त्यांचे मूळ बहुधा गर्भाच्या गुणसूत्रांत असते आणि टाक्याने त्यांत काहीही फरक पडत नाही.

उदाहरणादाखल एक इतिहास घेऊ. एका स्त्रीचा पहिला गर्भ २१व्या आठवड्यात गेला. दुखले नव्हते, दोन दिवस खाली ओढल्यासारखे वाटत होते, म्हणून ती रुग्णालयात गेली. तेथील नोंदीत मुख ४ सेंटिमीटर उघडलेले, पाणमोट योनीत, ताप नाही, बाळ जिवंत, असे लिहिलेले आहे. दुसरा गर्भ १९व्या आठवड्यात अगदी तसाच गेला. आता तिला तिसऱ्यांदा दिवस राहिले आहेत. या नोंदी हातात असणे मोलाचे, कारण ‘पाचव्या महिन्यात गर्भपात झाला’ एवढ्या वाक्यावरून टाक्याचा निर्णय घेता येत नाही.

तिच्यासमोर दोन मार्ग आहेत. पहिला, १२ ते १४ आठवड्यांच्या दरम्यान, बाळातले मोठे दोष सोनोग्राफीत पाहून झाल्यावर, थेट टाका घालणे. दुसरा, १६व्या आठवड्यापासून २४व्यापर्यंत योनीमार्गे सोनोग्राफी करत मुखाची लांबी मोजत राहणे आणि ती २५ मिलिमीटरच्या खाली गेली तरच टाका घालणे. पोटावरून केलेल्या सोनोग्राफीतले माप यासाठी चालत नाही. मूत्राशय भरलेले असेल, तर मुख आहे त्यापेक्षा लांब दिसते. पहिल्या मार्गाने जाणे गैर नाही, पण लक्ष ठेवून टाका घालण्याचे निकालही तितकेच चांगले येतात आणि निम्म्याहून अधिक स्त्रियांची शस्त्रक्रिया टळते. या स्त्रीने दुसरा मार्ग निवडला असे समजू. १६व्या आठवड्यात लांबी ३४ मिलिमीटर, १८व्यात २७. माप २५ ते २९च्या दरम्यान आले की दर आठवड्याला पाहावे लागते. १९व्या आठवड्यात ते २० भरले, आणि मुखाचे आतले टोक उघडून पाणमोट नरसाळ्याच्या आकारात त्यात शिरलेली दिसली. बाहेरचे टोक अजून बंद होते. हाताने तपासणाऱ्याला या वेळी फारसे काही कळले नसते, कारण मुख आतून बाहेर उघडत येते. संसर्ग, कळा आणि रक्तस्राव नसल्याची खात्री करून तिला टाका घालण्यात आला.

हा उपचार मुंबईत जन्माला आला. डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर यांचा जन्म १८९९ साली गोव्यातल्या शिरोडा येथे झाला. पुढे ते ग्रँट मेडिकल कॉलेजात प्रसूतिशास्त्राचे प्राध्यापक झाले. चौथ्या ते सातव्या महिन्यांत वारंवार गर्भ गमावणाऱ्या काही स्त्रियांना विश्रांती आणि हार्मोन्स यांचा उपयोग होत नाही, हे त्यांच्या लक्षात आले होते. दोष मुखाच्या आतल्या टोकाशी आहे, तेव्हा आधारही तिथेच दिला पाहिजे, हा त्यांचा विचार. १९५५ साली त्यांनी मद्रासच्या ‘अँटिसेप्टिक’ या नियतकालिकात आपली पद्धत प्रसिद्ध केली. मुखाच्या पुढच्या बाजूला आडवा छेद घेऊन मूत्राशय वर सरकवायचे, मागेही छोटा छेद घ्यायचा आणि आतल्या टोकाच्या उंचीवर आवरणाखालून मुखाभोवती पट्टी ओढून बांधायची. सुरुवातीला ही पट्टी रुग्णाच्याच मांडीतल्या चिवट आवरणाची असे. १९५७ साली मेलबर्नच्या इयन मॅकडोनाल्ड यांनी सोपी रीत सांगितली. तीत छेद नाही, मूत्राशय सरकवणे नाही. मुखाच्या कडेने चार-पाच ठिकाणी सुई खुपसत दोरा फिरवायचा आणि बटव्याची दोरी आवळावी तसा आवळून समोर गाठ मारायची. ही रीत जलद होते आणि टाका काढणेही सोपे जाते, म्हणून आज तीच जास्त वापरली जाते. शिरोडकर टाका मुखावर अधिक उंच बसतो, पण त्यामुळे निकाल नेहमी सरस येतात असे दिसलेले नाही.

शस्त्रक्रिया कमरेत भुलीचे इंजेक्शन देऊन होते आणि बहुधा अर्ध्या तासात आटोपते. नंतर एक-दोन दिवस थोडा रक्ताळ स्राव आणि ओटीपोटात दुखणे अपेक्षित असते. ताप येणे, पाणी जाऊ लागणे, ठरावीक अंतराने कळा येणे किंवा ताजे रक्त जाणे ही मात्र त्याच दिवशी रुग्णालय गाठण्याची लक्षणे. टाका घातल्यावर स्त्रीला महिनोन्महिने अंथरुणाला खिळवून ठेवण्याची, पलंगाचे पायथे विटांवर चढवण्याची प्रथा अजून पुरती गेलेली नाही. त्याने गर्भ टिकतो याचा पुरावा नाही. उलट पायांच्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढतो.

टाक्याची कीर्ती मात्र त्याच्या खऱ्या ताकदीपेक्षा मोठी आहे. सुरुवातीच्या अहवालांत त्याच स्त्रियांच्या टाक्याआधीच्या गर्भारपणांशी तुलना केलेली असे. अशा तुलनेत कोणताही उपचार चांगलाच दिसणार, कारण एक-दोनदा गर्भ गेलेल्या पुष्कळ स्त्रियांची पुढची खेप उपचाराविनाही नीट पार पडते. १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय चाचणीत १,२९२ स्त्रियांना चिठ्ठ्या टाकल्यासारख्या पद्धतीने दोन गटांत विभागले होते, आणि टाका द्यावा की नाही याविषयी डॉक्टरांनाच शंका असलेल्या या स्त्रिया होत्या. ३३ आठवड्यांच्या आत बाळंत होण्याचे प्रमाण टाका घातलेल्यांत १३ टक्के, न घातलेल्यांत १७ टक्के भरले. म्हणजे २५ जणींना टाका घातला तर एकीची अतिशय लवकर होणारी प्रसूती टळते. ठळक फायदा दिसला तो तीन किंवा अधिक वेळा गर्भ गेलेल्या किंवा अकाली बाळंत झालेल्यांत. ब्रिटनमध्ये केवळ पूर्वेतिहासावरून टाका देण्यासाठी तीनची अट आली ती यातूनच. अमेरिकेत कळांशिवाय मुख उघडल्याचा एक स्पष्ट प्रसंगही पुरेसा धरतात.

जुळ्यांच्या बाबतीत केवळ मुख आखूड दिसते म्हणून टाका घातल्याने फायदा सिद्ध झालेला नाही, काही पाहण्यांत नुकसानच दिसले. आधी कधीच गर्भ न गमावलेल्या स्त्रीचे मुख आखूड दिसले, तर सहसा योनीत ठेवायच्या प्रोजेस्टेरॉनपासून सुरुवात होते. मुख उघडून पाणमोट दिसू लागल्यावर घातलेला तातडीचा टाका सर्वांत अवघड. त्यात पाणमोट हळुवारपणे वर सारावी लागते आणि तेवढ्यात ती फुटूही शकते. शिवाय अशा स्त्रियांपैकी बऱ्याच जणींच्या गर्भजलात जंतू आधीच पोचलेले असतात. तेव्हा टाका घालणे म्हणजे संसर्ग आत कोंडणे, आणि त्यात आईच्या जिवाला धोका असतो. म्हणून ताप, दुर्गंधी, कळा, रक्तस्राव किंवा पाणमोट फुटलेली असताना टाका घालत नाहीत.

वरच्या उदाहरणातल्या स्त्रीचा टाका ३७व्या आठवड्यात, भूल न देता, दवाखान्यातच कापून काढता येतो. तो काढल्याबरोबर प्रसूती सुरू होईलच असे नाही. बऱ्याचदा मधे काही दिवस, कधी दोन-तीन आठवडेही जातात. कळा आधीच सुरू झाल्या, तर मात्र टाका ताबडतोब काढावा लागतो, नाहीतर बंद मुखावर जोर येऊन ते फाटते.

टाका असूनही गर्भ गेला, किंवा मुख इतके कापले गेले असेल की टाक्याला धरायला जागाच नाही, तर पोटातून टाका घालण्याचा पर्याय उरतो. तो १९६५ साली बेन्सन आणि डर्फी यांनी मांडला. यात पट्टी मुखाच्या अगदी वरच्या टोकाला बांधतात, दुर्बिणीने किंवा पोट उघडून, गर्भ राहण्याआधी किंवा पहिल्या काही आठवड्यांत. योनीमार्गाचा टाका अपयशी ठरलेल्या स्त्रियांवरील २०२० सालच्या एका ब्रिटिश चाचणीत, पोटातून टाका घातलेल्यांपैकी ८ टक्के ३२ आठवड्यांच्या आत बाळंत झाल्या. पुन्हा योनीतूनच टाका घातलेल्यांत हे प्रमाण ३० टक्क्यांच्या वर होते. हा टाका खालून काढता येत नाही, त्यामुळे प्रसूती सिझेरियननेच करावी लागते, आणि पट्टी पुढच्या गर्भारपणासाठी तशीच ठेवता येते.