एक मोठे पोस्टर, नऊ साधे कागद

घरातला किंवा शाळेतला प्रिंटर ए-4 पेक्षा मोठा कागद घेत नाही. पोस्टर मात्र ए-1 आकाराचे, म्हणजे 594 मिमी रुंद आणि 841 मिमी उंच असू शकते. अशा वेळी पीडीएफचे एकच पान अनेक ए-4 कागदांवर तुकड्यातुकड्यांनी छापतात आणि ते तुकडे चिकटवून पोस्टर उभे करतात. शेजारच्या दोन तुकड्यांवर चित्राची एक अरुंद पट्टी दोनदा छापून घेणे, ही या कामाची गुरुकिल्ली आहे. ही पट्टी नसली की जोड उघडे पडतात.

पट्टी का लागते, हे प्रिंटरच्या स्वभावात आहे. बहुतेक प्रिंटर कागदाच्या अगदी कडेपर्यंत छापत नाहीत. चारी बाजूंना साधारण 4-5 मिमी समास कोराच राहतो. शिवाय प्रत्येक कागद आत ओढला जाताना किंचित तिरका किंवा पुढे-मागे सरकतो. पट्टी नसेल तर दोन्ही कागदांचे समास अचूक छपाईच्या रेषेवर कापून कडेला कड भिडवावी लागते. त्यात कापणारा अर्धा मिलिमीटर जरी चुकला तरी पोस्टरच्या मधोमध पांढरी रेघ दिसते. एक सेंटिमीटरची दुहेरी छपाई असेल तर कापण्याची रेषा थोडी आत-बाहेर गेली तरी खालच्या कागदावर तेच चित्र असते आणि रेघ उमटत नाही.

नेहमीचा हिशेब असा केला जातो की ए-1 म्हणजे आठ ए-4. आकारांच्या गणितात ते खरेच आहे, छपाईत नाही. 5 मिमी समास धरला तर ए-4 वर 200 गुणिले 287 मिमी एवढीच जागा छापण्याजोगी उरते. त्यात 10 मिमी पट्टी दोनदा छापायची. उभे धरलेले तीन कागद शेजारी ठेवले तर 600 मिमीतून दोन जोडांचे 20 मिमी वजा होऊन 580 मिमी रुंदी भरते. पोस्टर 594 मिमीचे आहे. चौदा मिलिमीटर कमी पडले म्हणून चौथी रांग सुरू होते आणि तिच्या तीन कागदांवर चित्राची जेमतेम बोटभर चिरी छापून येते. उंचीला तीन कागदांत 841 मिमी बरोब्बर बसते, पण जराही मोकळीक राहत नाही. एकूण बारा कागद, त्यांतले तीन जवळजवळ वाया.

यावर उपाय साधा आहे: पोस्टर थोडे लहान करावे. 97 टक्क्यांवर आणले तर रुंदी 576 मिमी होते आणि तीन रांगांत, नऊ कागदांत काम भागते. प्रत्यक्षात 95 टक्के घेतलेले बरे, कारण कापण्याच्या खुणा आणि कागदांचे क्रमांक यांनाही थोडी जागा लागते. भिंतीवर लावलेल्या पोस्टरमध्ये पाच टक्क्यांचा फरक कोणाच्या लक्षातही येत नाही. कपड्याच्या कटिंगचे पॅटर्न किंवा नकाशा असेल तर मात्र माप बदलून चालणार नाही. तिथे बारा कागद खर्ची घालावेच लागतात.

छपाईसाठी मोफत मिळणारा अ‍ॅडोबी अ‍ॅक्रोबॅट रीडर पुरेसा आहे. ब्राउझरमध्ये पीडीएफ उघडून तिथूनच प्रिंट देण्याची सवय अनेकांना असते, पण त्या खिडकीत एका कागदावर अनेक पाने बसवण्याची सोय सापडते. एक पान अनेक कागदांवर पसरवण्याची सापडत नाही. रीडरमध्ये फाइल उघडल्यावर आधी Ctrl+D दाबून पानाचा आकार पाहावा. पुष्कळदा ‘पोस्टर’ म्हणून आलेली फाइल मुळात ए-4 आकारात बनवलेली असते. ए-4 चे ए-1 करायला लांबी-रुंदी 283 टक्क्यांवर न्यावी लागते आणि वरचा पाच टक्क्यांचा काट धरला तर 269 टक्क्यांवर. मूळ पान ए-1 चेच असेल तर आकडा फक्त 95.

प्रिंटच्या खिडकीत Poster हे बटण दाबले की खाली Tile Scale आणि Overlap अशा दोन चौकटी येतात. पहिलीत टक्केवारी, दुसरीत पट्टीची रुंदी. दुसऱ्या चौकटीत आधीपासून असलेला आकडा बहुधा 0.005 इंच असतो. म्हणजे मिलिमीटरचा जेमतेम आठवा भाग, पट्टी नसल्यातच जमा. पोस्टर जुळत नाही अशी तक्रार बहुतेक वेळा या चौकटीकडे न पाहिल्याने होते. एकक इंच असेल तर 0.4, मिलिमीटर असेल तर 10 भरावे. Cut marks आणि Labels यांवर खूण करावी; दुसऱ्यामुळे प्रत्येक कागदावर फाइलचे नाव आणि कंसात दोन आकडे येतात, पहिला आडव्या ओळीचा, दुसरा उभ्या रांगेचा. कागद किती लागतील हे शेजारच्या छोट्या चित्रात दिसते. प्रत्येक प्रिंटरचा समास निराळा असल्याने कागदावरच्या हिशेबापेक्षा त्या चित्रावर विश्वास ठेवावा. तिथे चौथी रांग डोकावत असेल तर टक्केवारी एकेकाने कमी करत जावी. प्रिंटरच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये कागदाला बसवून लहान करण्याचा पर्याय चालू नाही ना, हेही पाहावे.

या पद्धतीत एक अडचण राहते. नऊपैकी पाचवा कागद अडकला, चुरगळला किंवा शाई संपल्याने फिका आला तर तेवढाच पुन्हा छापता येत नाही. रीडरच्या हिशेबी ते अजून एकच पान असते. म्हणून जाणकार आधी कागदावर न छापता विंडोजमधला Microsoft Print to PDF हा प्रिंटर निवडून नऊ पानांची नवी पीडीएफ बनवतात आणि मग ती Actual size वर छापतात. कुठलेही पान मग सुटे छापता येते. फक्त हा आभासी प्रिंटर कागदाच्या कडेपर्यंत छापतो, खरा प्रिंटर छापत नाही. त्यामुळे प्रत्येक कागदाच्या कडेचे 5 मिमी चित्र कापले जाते, आणि जोडावर दोन्ही कागदांचे मिळून 10 मिमी जातात. या वाटेने जाताना पट्टी 20 मिमीची ठेवावी म्हणजे हाती 10 मिमी उरते. पोस्टरच्या बाहेरच्या कडेलाही तेवढे चित्र जाणार, तेव्हा तिथे मजकूर नाही याची खात्री करून घ्यावी.

सगळे कागद एकाच गठ्ठ्यातले, एकाच दिशेने ट्रेमध्ये ठेवलेले आणि एका बैठकीत छापलेले असावेत. लेझर प्रिंटरमधल्या उष्णतेने कागदातला ओलावा उडून तो किंचित आकसतो. दोन तऱ्हेचे कागद मिसळले तर आकसण्यातला फरक जोडावर दिसतो. टोनर संपत आला असेल तर पहिल्या आणि नवव्या कागदाचा रंगही जुळत नाही. इंकजेटचे कागद तासभर सुटे पसरून वाळू द्यावेत. छपाई झाल्यावर पहिले दोन कागद शेजारी ठेवून एकच आकृती दोन्हींवर किती रुंदीत आली आहे ते पट्टीने मोजले, की कापायला हात घालण्याआधीच चूक कळते.

कापण्याआधी प्रत्येक कागदाच्या पाठीवर पेन्सिलीने क्रमांक लिहावा, कारण छापलेला क्रमांक समासासोबत कापला जाऊ शकतो. आता नियम एकच: डावी कड आणि खालची कड कापायची, उजवी आणि वरची तशीच ठेवायची. न कापलेली कड म्हणजे कोरा समास आणि दुहेरी पट्टी मिळून सुमारे 15 मिमीची जागा, तिच्यावर गोंद लागतो आणि शेजारचा कागद बसतो. त्यामुळे वरच्या ओळीची कड खालच्या ओळीवर येते, कौलांसारखी, आणि जोडात धूळ साचत नाही. सर्वांत डावीकडच्या कागदांची डावी कड आणि सर्वांत खालच्यांची खालची कड पोस्टर पूर्ण झाल्यावरच कापावी. कात्रीने रेष वाकडी जाते. जाड पुठ्ठ्यावर स्टीलची पट्टी धरून कटर चालवावा, आणि तोही छपाईच्या कडेवर नव्हे, तर एक-दोन मिलिमीटर आत. पट्टी रुंद ठेवण्याचा फायदा इथे वसूल होतो: रेष कोणाच्या चेहऱ्यावरून किंवा अक्षरावरून जात असेल तर ती पट्टीच्या आतल्या आत सरकवता येते.

आधी तीन आडव्या ओळी तयार कराव्यात. (1,1) वर (1,2) ची कापलेली डावी कड ठेवायची. दोन्ही कागद एकत्र धरून खिडकीच्या काचेवर टेकवले तर मागून येणाऱ्या उजेडात पट्टीतली अक्षरे एकावर एक बसताना दिसतात. दुहेरी दिसणारा काना किंवा वेलांटी एकेरी झाली की जोड जुळला. तिथेच मागून चिकटपट्टीचे दोन छोटे तुकडे लावून कागद पक्के करायचे आणि मग गोंद. कागद तिरका छापला गेला असेल तर वरचे टोक जुळते आणि खालचे सुटते. अशा वेळी जोडाच्या मधोमध जुळवून चूक दोन्ही टोकांना वाटून द्यावी, नाहीतर तिसऱ्या कागदापर्यंत ती वाढत जाते. तीन ओळी झाल्या की वरच्या दोन ओळींची खालची कड सलग कापून त्या ओळी एकमेकींना जोडाव्यात.

गोंद कांडीचा असावा. पातळ डिंक किंवा पाणी घातलेला फेव्हिकॉल साध्या कागदाला फुगवतो आणि जोडालगत सुरकुत्या पडतात. इंकजेटची शाई फुटते ती वेगळीच. थेट भिंतीवर खळीने चिकटवायचे असेल तर लेझरचीच छपाई हवी.

या पद्धतीला मर्यादा आहेत. गडद एकरंगी पार्श्वभूमीवर जोड कितीही नीट केला तरी कागदाची कापलेली पांढरी जाडी दिसते. पार्श्वभूमी फिकी असेल तर तो लपतो. अक्षरे फाँट म्हणून असतील तर कितीही मोठी केली तरी रेखीव राहतात, छायाचित्रे राहत नाहीत. मोबाइलवर फिरत आलेले 1200 पिक्सेल रुंदीचे चित्र ए-1 वर पसरले तर इंचाला सुमारे 50 ठिपके पडतात. खोलीच्या दुसऱ्या टोकाहून ते चालून जाते, हातभर अंतरावरून पायऱ्या दिसतात. आणि पोस्टर उघड्यावर, पावसापाण्यात लावायचे असेल तर हा खटाटोप करूच नये. त्याला फ्लेक्सच लागतो.