अर्धं वाक्य कापलं की

३१ ऑगस्ट २०११ रोजी माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने पश्चिम घाटाविषयीचा अहवाल केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाला सादर केला. दोन भाग, शेकडो पानं, नकाशे, तक्ते, गुणांकनाची पद्धत. आता असं धरा की सिंधुदुर्गातल्या एका आमदारांना खाणींविषयी सरकारपुढे भूमिका मांडायची आहे आणि अहवाल वाचायला त्यांच्याकडे गाडीतला अर्धा तास आहे. त्यांच्यासाठी दोन पानी टिपणी कशी करायची?

बहुतेक जण अहवालाच्या क्रमाने जातात. पार्श्वभूमी, उद्दिष्टं, कार्यपद्धती, निष्कर्ष, प्रत्येकाचा एकेक परिच्छेद. पहिलं पान असंच संपतं आणि आमदारांच्या हाती काहीच लागत नाही. सुरुवात उलट्या टोकाकडून करायला हवी. वाचणाऱ्याला नेमका कोणता निर्णय घ्यायचा आहे, ते एका ओळीत लिहून समोर ठेवायचं. इथे प्रश्न आहे: 'जिल्ह्यात नव्या खाणींना परवाना द्यावा का, चालू खाणींचं काय?' मग अहवालातली प्रत्येक गोष्ट या प्रश्नाला लावून पाहायची. वनस्पतींची सविस्तर माहिती मौल्यवान आहे, पण ती इथे एका वाक्यात येईल. खाणींविषयीच्या शिफारशी मात्र पूर्ण याव्या लागतात.

खरी परीक्षा इथेच होते. संपूर्ण पश्चिम घाट पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील मानावा, असं समिती म्हणते. हे वाक्य उचललं आणि पुढचं सोडलं, तर टिपणीत एकही शब्द खोटा नसतो आणि तरीही ती दिशाभूल करते, कारण वाचणारा समजतो की सगळीकडे सगळं बंद. समितीने लगेच पुढे घाटाच्या तीन श्रेणी केल्या आहेत. म्हणून मी ते वाक्य असं लिहीन:

'संपूर्ण घाट संवेदनशील, पण तीन श्रेणींत. पहिल्या श्रेणीत नवा खाणपरवाना नाही, चालू खाणी २०१६ पर्यंत टप्प्याटप्प्याने बंद. दुसरीत नवा परवाना नाही, चालू खाणींवर कडक नियंत्रण. तिसरीत कडक अटींवर नव्या खाणीला वाव. श्रेणींच्या सीमा तात्पुरत्या असून स्थानिक लोकांशी, ग्रामसभांशी चर्चा करून त्या ठरवायच्या आहेत.'

शेवटचं वाक्य जागा वाचवण्यासाठी सर्वात आधी कापलं जातं, आणि माझ्या मते तेच कापायचं नाही. ते गेलं की दिल्लीहून लादलेली रेषा एवढाच अर्थ उरतो. समितीने मुळात गावपातळीवरून वर जाणारी प्रक्रिया सुचवली होती. निर्णय ज्याने बदलू शकतो असा 'पण' आकड्याच्या किंवा शिफारशीच्या शेजारीच बसला पाहिजे. तळटीपेत ढकलला तर तो कुणी वाचत नाही.

कार्यपद्धती पूर्ण गाळूनही चालत नाही, कारण सीमेवर किती विसंबायचं ते तीच सांगते. समितीने घाटाचे चौकोन पाडले, साधारण नऊ किलोमीटर लांब-रुंद. प्रत्येक चौकोनाला उंची, उतार, जंगल, दुर्मीळ प्रजाती अशा निकषांवर गुण दिले आणि मग श्रेणींची यादी तालुकावार मांडली. नऊ किलोमीटरच्या एका चौकोनात सह्याद्रीचा माथा आणि पायथ्याची भातखाचरं दोन्ही मावतात. तेव्हा टिपणीत इतकंच पुरे: 'ही श्रेणी तालुक्याचा सर्वसाधारण कल दाखवते, एखादा सर्व्हे नंबर कोणत्या श्रेणीत आहे हे सांगत नाही.' खाणीच्या अर्जात सर्व्हे नंबरच असतो, म्हणून आमदारांना ही ओळ लागणारच.

आणखी एक गल्लत हमखास होते. २०१३ मध्ये कस्तुरीरंगन यांच्या अध्यक्षतेखालच्या कार्यगटाचा वेगळा अहवाल आला. त्याने घाटाच्या सुमारे ३७ टक्के क्षेत्राला संवेदनशील म्हटलं आणि तालुक्याऐवजी गाव हा घटक धरला. केंद्राच्या अधिसूचनांचे मसुदे या दुसऱ्या अहवालावर आधारले आहेत. जुलै २०२४ च्या मसुद्यात महाराष्ट्राचं सुमारे १७,३४० चौरस किलोमीटर क्षेत्र होतं. म्हणून सध्या टेबलावर कोणता कागद आहे, हे टिपणीच्या पहिल्या चार ओळींत आलं पाहिजे. नाहीतर एका अहवालाच्या अटी दुसऱ्याच्या नावावर सांगितल्या जातात.

टिपणी झाली की दोन तपासण्या करायच्या. प्रत्येक विधानापुढे मूळ अहवालाचा पान क्रमांक लिहायचा. ज्या विधानाला पान सापडत नाही ते बहुधा आपल्या डोक्यातून आलेलं असतं, ते काढून टाकायचं. मग विषयाशी संबंध नसलेल्या एखाद्या सहकाऱ्याला टिपणी वाचायला द्यायची, कागद काढून घ्यायचा आणि विचारायचं, 'दुसऱ्या श्रेणीतल्या चालू खाणीचं काय होणार?' 'बंद होणार' असं उत्तर आलं, तर दोष त्याचा नाही. ते वाक्य पुन्हा लिहायचं आणि टिपणी नव्याने दुसऱ्याच कुणाला द्यायची, कारण पहिल्याला आता उत्तर माहीत झालेलं असतं.